फोटोतला तक्ता आणि तीन मोकळे आकडे

संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये हल्ली तक्त्यांचे फोटो भरलेले असतात. कोणी ग्रंथालयातल्या पुस्तकाचं पान टिपून पाठवतं, कोणी जुन्या अहवालाचं. खाली एकच ओळ असते : ‘सर, यावर काय-वर्ग कसोटी लावायची आहे.’ फोटो जरा तिरका असतो, पानाच्या मधल्या घडीत सावली पडलेली असते आणि एखाद्या आकड्यावर ट्यूबलाइटची चकाकी बसलेली असते. पाठवणाऱ्याला वाटतं, अडचण गणिताची आहे. बहुतेक वेळा ती गणिताच्या आधीच सुरू झालेली असते, आणि गंमत अशी की तिच्यातून वाट काढताना कसोटीचा सर्वांत अवघड भाग आपोआप समजून जातो.

खऱ्या आकड्यांवरच बघू. टायटॅनिक १९१२च्या एप्रिलमध्ये बुडालं. त्यानंतर ब्रिटिश सरकारने नेमलेल्या चौकशीच्या अहवालात कोणत्या वर्गातले किती जण वाचले, याचे आकडे आले. ते आजही जगभरच्या वर्गांत वापरले जातात. समजा, त्यांचा तक्ता छापलेल्या पानाचा फोटो आपल्या हातात आहे आणि तो असा दिसतो आहे :

| | वाचले | दगावले | एकूण |
|---|---|---|---|
| पहिला वर्ग | २०३ | १२२ | ३२५ |
| दुसरा वर्ग | ११८ | १६७ | २८५ |
| तिसरा वर्ग | १७८ | ५२८ | ७०६ |
| कर्मचारी | २१२ | ६७? | ८८५ |
| एकूण | ७११ | १४९० | २२०१ |

अशा तक्त्याला कंटिन्जन्सी टेबल म्हणतात. प्रत्येक माणूस दोन प्रश्नांची उत्तरं देतो (तू कोणत्या वर्गातला? वाचलास की नाही?) आणि त्या दोन उत्तरांनुसार एका आणि एकाच चौकटीत जाऊन बसतो. इथे चौकटी आठ. उजवीकडची आणि तळाची ‘एकूण’ची रांग या चौकटींचा भाग नाही, त्या नुसत्या बेरजा आहेत.

शेवटच्या चौकटीतला एकक चकाकीत गेला आहे. तो ३ असेल किंवा ८. घाईत कोणी ६७८ वाचलं, तर आडवी बेरीज २१२ + ६७८ म्हणजे ८९० येते, छापलेली ८८५ आहे. उभी बेरीज १४९५ येते, छापलेली १४९० आहे. दोन्हीकडे नेमका ५चाच फरक. आडवी आणि उभी रांग सारख्याच फरकाने चुकत असेल, तर गुन्हेगार त्या दोन रांगा जिथे एकमेकींना छेदतात तिथेच बसलेला असतो. म्हणून आकडा ६७३. नुसती आडवी बेरीज चुकली आणि उभ्या सगळ्या जुळल्या, तर मात्र चौकट निर्दोष. संशय त्या ओळीच्या ‘एकूण’वर घ्यायचा. हाताने लिहिलेल्या तक्त्यात १ आणि ९ अशीच फसवणूक करतात. फोटो काढणाऱ्याने कडेच्या बेरजा कापून टाकल्या असतील, तर हा पडताळा करायला काही उरतच नाही.

आता प्रश्न. वर्ग आणि जिवंत राहणं यांचा काही संबंध होता का? कसोटी हा प्रश्न उलट बाजूने धरते. ती म्हणते, क्षणभर मानू की संबंध नव्हता. २२०१ माणसांमध्ये ७११ जीव वाचायचे होते आणि ते चिठ्ठ्या टाकून वाटले गेले. चिठ्ठी काढणाऱ्याने तिकीट बघितलं नाही. तसं झालं असतं, तर प्रत्येक चौकटीत किती माणसं सापडली असती?

उत्तर सोपं आहे. एकंदर माणसांपैकी ७११ भागिले २२०१, म्हणजे शंभरातले सुमारे ३२.३ वाचले. संबंध नसेल तर प्रत्येक वर्गातले शंभरातले ३२.३च वाचायला हवेत. पहिल्या वर्गात ३२५ लोक होते, त्यांच्यातले १०४.९९ वाचायला हवे होते. ही झाली ‘अपेक्षित संख्या’. पुस्तकातलं सूत्र हेच सांगतं : ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण. ३२५ गुणिले ७११ भागिले २२०१. दुसऱ्या वर्गासाठी ९२.०६, तिसऱ्यासाठी २२८.०६, कर्मचाऱ्यांसाठी २८५.८९. दगावलेल्यांच्या अपेक्षित संख्या वजाबाकीने मिळतात. पहिल्या वर्गात ३२५ वजा १०४.९९, म्हणजे २२०.०१.

विद्यार्थी इथे हमखास दोन गोष्टी करतात. १०४.९९ला १०५ करून टाकतात, कारण ‘पॉइंट नव्व्याण्णव माणूस कसा वाचेल?’ पण अपेक्षित संख्या ही सरासरी आहे, हजेरी नव्हे. तिला पूर्णांक करायची गरज नाही. दुसरं म्हणजे, अपेक्षित याचा अर्थ ‘व्हायला हवं होतं ते’ असा नैतिक लावतात. इथे अपेक्षा कोणाची नाही. संबंध नाही असं मानल्यावर बेरजांमधून निघणारा तो आकडा आहे, एवढंच.

एक तपासणी इथेच करून घ्यावी : अपेक्षित संख्यांच्या आडव्या-उभ्या बेरजा मूळ बेरजांइतक्याच यायला हव्यात. १०४.९९, ९२.०६, २२८.०६ आणि २८५.८९ यांची बेरीज ७११.०० येते, मूळ बेरजेइतकीच. ७०० किंवा ७२० आली तर फोटो पुन्हा उघडावा.

आता प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतलं अंतर. पहिल्या वर्गातले २०३ वाचले, अपेक्षित होते १०४.९९, म्हणजे ९८.०१ जास्त. या फरकाचा वर्ग करायचा आणि अपेक्षित संख्येने भागायचं : ९१.५०. भागायचं का? कारण ९८ माणसांचा फरक १०५च्या अपेक्षेपुढे प्रचंड आहे, तोच १०,०००च्या अपेक्षेपुढे किरकोळ ठरला असता. तोच ९८चा फरक दगावलेल्यांच्या चौकटीत आहे, पण तिथे अपेक्षा २२०.०१ असल्यामुळे वाटा येतो ४३.६६. अशा आठही चौकटींचे वाटे काढून मिळवले की काय-वर्ग मिळतो. टायटॅनिकसाठी तो १९०.४ येतो. त्यातले १३५.२ एकट्या पहिल्या वर्गाचे, २८.२ कर्मचाऱ्यांचे, १६.२ तिसऱ्या वर्गाचे आणि १०.८ दुसऱ्याचे. ही फोड वहीत लिहून ठेवावी असं माझं मत आहे. एकूण आकडा फक्त ‘काहीतरी आहे’ म्हणतो. कुठे आहे ते फोडच सांगते.

१९०.४ हा आकडा मोठा की लहान? हे एकट्या आकड्यावरून कळत नाही. चिठ्ठ्या टाकून वाटले तरी प्रत्यक्ष आणि अपेक्षित तंतोतंत जुळणार नाहीत, थोडा फरक राहणारच. चौकटी जास्त, तर फरक साठायला जागाही जास्त. म्हणून आधी विचारायचं, या तक्त्यात फरक पडायला खरोखर किती जागा आहे? या जागेला डिग्री ऑफ फ्रीडम म्हणतात, मराठीत स्वातंत्र्यमात्रा. पाठ्यपुस्तकात ती ‘ओळी वजा १ गुणिले स्तंभ वजा १’ अशी एका ओळीत येते, आणि बहुतेक लोक ती तशीच पाठ करतात.

ती समजायला आपला फोटो उपयोगी पडतो. समजा चकाकी एकाच आकड्यावर नाही, आठही चौकटींवर पसरली आहे. कडेच्या बेरजा तेवढ्या स्वच्छ आहेत. ज्याच्याकडे पुस्तक आहे त्याला फोन करून तुम्ही आकडे विचारणार आहात. कमीत कमी किती आकडे विचारावे लागतील?

पहिल्या वर्गातले वाचलेले विचारा : २०३. लगेच त्या ओळीतले दगावलेले कळतात, ३२५ वजा २०३, म्हणजे १२२. दुसऱ्या वर्गासाठी ११८ विचारा, १६७ फुकट मिळतात. तिसऱ्यासाठी १७८ विचारा, ५२८ मिळतात. आता कर्मचाऱ्यांचं विचारायची गरजच नाही. तीन वर्गांचे मिळून ४९९ वाचले, एकूण ७११ वाचले, म्हणजे कर्मचारी २१२. आणि ८८५ वजा २१२, म्हणजे ६७३. फोन ठेवून द्या. तीन आकडे पुरले. आठ चौकटींच्या या तक्त्यात मोकळे आकडे तीनच, बाकीचे पाच बेरजांनी जखडलेले. सूत्रही तेच म्हणतं : ४ वजा १ गुणिले २ वजा १, म्हणजे ३. मात्र तीन आकडे निवडून विचारायला हवेत. एकाच ओळीतले २०३ आणि १२२ दोन्ही विचारले, तर दुसरा प्रश्न वाया गेला. तो आकडा आधीच तुमच्याकडे होता.

हे आज सोपं वाटतं, पण शास्त्रज्ञांना ते जमायला बावीस वर्षं लागली आणि त्यावरून चांगलंच भांडण झालं. काय-वर्ग कसोटी लंडनच्या कार्ल पिअरसन यांनी १९०० साली मांडली. आठ चौकटींचा तक्ता असेल, तर त्यांच्या हिशेबाने मोकळे आकडे सात; एकूण संख्या तेवढी पक्की, बाकी सगळं मोकळं. दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या तक्त्यात त्यांचे तीन. १९१५मध्ये मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल यांनी टायफॉइड आणि कॉलऱ्याच्या लशींचे आकडे तपासले, तेव्हा काहीतरी खटकलं. लस घेतलेल्यांतलं आणि न घेतलेल्यांतलं आजाराचं प्रमाण सरळ तुलना करून तपासलं की एक उत्तर येई, पिअरसन यांच्या रीतीने काय-वर्ग काढला की दुसरंच. एकाच तक्त्याची दोन उत्तरं.

१९२२मध्ये रोनाल्ड फिशर यांनी चूक दाखवली. अपेक्षित संख्या आपण तक्त्याच्याच बेरजांवरून काढतो. मग त्या बेरजांनी जखडलेले आकडे मोकळे कसे मोजता येतील? दोन बाय दोनच्या तक्त्यात मोकळा आकडा एकच. हा फरक बारीक नाही. काय-वर्ग ५ आला असेल, तर मोकळा आकडा एक धरल्यास असा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता शंभरात अडीच निघते. तीन धरल्यास शंभरात सतरा. पहिल्या हिशेबाने लशीचा आणि आजाराचा संबंध मानला जाईल, दुसऱ्याने ‘योगायोग असावा’ म्हणून सोडून दिला जाईल. पिअरसन यांनी ते मान्य केलं नाही, उलट फिशर यांची तुलना पवनचक्क्यांशी लढणाऱ्या डॉन किहोतेशी केली. फिशर यांनी चार वर्षांनी दिलेलं उत्तर मात्र बोचरं होतं. कार्ल पिअरसन यांचा मुलगा एगॉन याने स्वतःच्या एका अभ्यासासाठी बारा हजारांच्या आसपास दोन बाय दोनचे तक्ते योगायोगाने तयार करून छापले होते. संबंध नसेल तेव्हा काय-वर्गाची सरासरी मोकळ्या आकड्यांइतकी येते. बापाचं खरं असतं तर मुलाच्या तक्त्यांची सरासरी ३ यायला हवी होती. ती जवळजवळ नेमकी १ आली.

हीच सरासरी आपल्याही हाताशी ठेवण्यासारखी मोजपट्टी आहे. टायटॅनिकच्या तक्त्यात मोकळे आकडे तीन, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर काय-वर्ग सरासरीने ३च्या आसपास आला असता. शंभरात पाच वेळाच तो ७.८१च्या वर गेला असता. आपला आला १९०.४. तेवढा किंवा त्याहून मोठा आकडा योगायोगाने येण्याची शक्यता दशांशचिन्हानंतर चाळीस शून्यं आणि मग ५, इतकी आहे. चिठ्ठ्या टाकल्या गेल्या नव्हत्या.

पिअरसन यांची चूक आता कोणी करत नाही, पण तिची चुलत बहीण फोटोवरून काम करणाऱ्यांकडे रोज येते. फोटो बघून आकडे एक्सेलमध्ये उतरवताना ‘एकूण’ची ओळ आणि स्तंभही तक्त्याचाच भाग म्हणून उतरवले जातात. मग संगणकाच्या दृष्टीने तक्ता पाच ओळी आणि तीन स्तंभांचा होतो. यातला खरा धोका असा की काय-वर्ग बदलत नाही. बेरजांच्या चौकटींत प्रत्यक्ष आणि अपेक्षित समान निघतात, त्यांचा वाटा शून्य येतो. मधल्या आठ चौकटींच्या अपेक्षित संख्या जशाच्या तशा राहतात. उत्तर पुन्हा १९०.४. मित्राच्या उत्तराशी जुळलं म्हणून विद्यार्थी खूश. पण स्वातंत्र्यमात्रा ३च्या जागी ४ गुणिले २, म्हणजे ८ झाली. टायटॅनिकमध्ये फरक इतका मोठा आहे की निकाल हलत नाही. काय-वर्ग १० आलेला एखादा साधा सर्वेक्षणाचा तक्ता घ्या आणि एक्सेलला दोन्ही प्रकारे विचारा :

```
=CHISQ.DIST.RT(10,3)
=CHISQ.DIST.RT(10,8)
```

पहिल्याचं उत्तर ०.०१८६, दुसऱ्याचं ०.२६५. एका बाजूला ठाम संबंध, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. `CHISQ.TEST` वापरणाऱ्यांनी तर जास्तच सावध असावं. ते काय-वर्ग दाखवतही नाही, निवडलेल्या चौकटींवरून स्वातंत्र्यमात्रा स्वतः ठरवतं आणि थेट शक्यता हातावर ठेवतं. ओळखायची खूण एकच : संगणकाने सांगितलेली स्वातंत्र्यमात्रा आणि ‘फोनवर विचारावे लागणारे आकडे’ जुळतात का, ते बघायचं.

दुसरा सापळा शीर्षकात असतो, आणि शीर्षक बऱ्याचदा फोटोच्या बाहेर राहतं. छापील तक्त्यात कित्येकदा माणसांऐवजी टक्के असतात. टायटॅनिकचे वाचलेल्यांचे टक्के ६२.५, ४१.४, २५.२ आणि २४.० असे आहेत. हेच माणसं समजून गणित केलं, म्हणजे प्रत्येक वर्गात १००च जण धरले, तर काय-वर्ग १९०ऐवजी सुमारे ४१ येतो. कसोटीला माणसं मोजून हवी असतात. शंभरातले साठ आणि दहा हजारांतले सहा हजार यांत टक्का एकच, पण पुरावा एक नाही. सगळ्या ओळींची बेरीज १०० येत असेल, तर मूळ संख्या मिळेपर्यंत थांबावं.

‘चौकटीत ५पेक्षा कमी असेल तर कसोटी चालत नाही’ हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि निम्म्या लोकांना चुकीचा माहीत असतो. तो प्रत्यक्ष संख्येबद्दल नाही, अपेक्षित संख्येबद्दल आहे. टायटॅनिकवरच्या फक्त स्त्रियांचा तक्ता केला, तर कर्मचाऱ्यांपैकी २३ स्त्रियांतल्या ३ दगावलेल्या दिसतात. तीन म्हटल्यावर विद्यार्थी पेन खाली ठेवतो. पण एकंदर ४२५ स्त्रियांपैकी १०९ दगावल्या, त्या हिशेबाने इथली अपेक्षित संख्या ५.९ येते. कसोटी बेलाशक लावावी.

चाळीस शून्यांचं मात्र फार कौतुक करू नये. प्रत्येक माणसाचं नशीब इतरांपासून वेगळं ठरलं, असं ही कसोटी गृहीत धरते. बुडत्या जहाजावर तसं नसतं. माणसं कुटुंबाने होती आणि वाचली तीही होडीहोडीने. आई होडीत बसली की कडेवरचं मूलही बसलं. त्या दोन चिठ्ठ्या वेगवेगळ्या नव्हेत. त्यामुळे शक्यतेचा नेमका आकडा खरा मानता येत नाही. वर्गानुसार फरक होता, एवढं मात्र इतक्या मोठ्या अंतरामुळे टिकतं.

आणि तो फरक तिकिटामुळेच पडला, हेही कसोटी म्हणत नाही. बायका-मुलांना आधी होडीत घेतलं गेलं, आणि बायका-मुलांचं प्रमाण प्रत्येक वर्गात वेगळं होतं. पहिल्या वर्गातल्या ३२५ जणांत १४४ स्त्रिया होत्या, ८८५ कर्मचाऱ्यांत अवघ्या २३. कर्मचाऱ्यांचा वाचण्याचा टक्का खाली दिसतो त्यामागे हे मोठं कारण आहे. फक्त प्रौढ पुरुष घेतले, तर चित्र आणखी पालटतं. आपल्या फोटोतल्या तक्त्यात दुसरा वर्ग ४१ टक्क्यांसह दुसऱ्या क्रमांकावर आहे. पण पुरुषांमध्ये कर्मचाऱ्यांतले ८६२पैकी १९२ वाचले, तिसऱ्या वर्गातले ४६२पैकी ७५, आणि दुसऱ्या वर्गातले १६८पैकी फक्त १४.